सरासरी कमाई आणि रांगेतला मधला माणूस
(खातेदारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज व्याजदराबद्दल बोलायचं नाही. आज बोलायचं आहे ते पेपरात येणाऱ्या एका आकड्याबद्दल. तो वाचून आपण मनातल्या मनात आपली कमाई त्याच्या शेजारी ठेवून बघतो आणि कधी खट्टू होतो, कधी उगाच सुखावतो. इथे बसलेल्यांपैकी काही जण आपापल्या पतसंस्थेचं वार्तापत्र काढतात, वार्षिक अहवालाचा मजकूर लिहितात, गावातल्या बातमीदाराला माहिती पुरवतात. त्यांना हा आकडा नुसता वाचायचा नसतो, लिहायचाही असतो.

२०२३ च्या सुरुवातीला एक बातमी सगळीकडे झळकली होती. देशाचं दरडोई उत्पन्न २०१४-१५ मध्ये ८६,६४७ रुपये होतं, ते २०२२-२३ मध्ये १,७२,००० रुपयांवर जाईल, म्हणजे जवळपास दुप्पट होईल, असा राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा अंदाज होता. आकडा खरा होता. पण तो तोंडातोंडी फिरताना त्याचं 'सामान्य भारतीयाची कमाई दुप्पट' असं झालं, आणि तिथे घोटाळा झाला. महागाईचा भाग आधी बाजूला काढू. २०११-१२ च्या भावाने मोजलं तर तीच वाढ ७२,८०५ वरून ९८,११८ रुपयांपर्यंत, म्हणजे सुमारे ३५ टक्के होते. हे पुष्कळांनी तेव्हाच लक्षात आणून दिलं. 'सामान्य भारतीय' या दोन शब्दांकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही.

दरडोई उत्पन्न कसं काढतात? देशाचं वर्षभराचं निव्वळ राष्ट्रीय उत्पन्न घ्यायचं आणि देशाच्या लोकसंख्येनं भागायचं. भागताना तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्या आजीपर्यंत सगळे मोजले जातात. आणि ज्याला भागतो त्या रकमेत फक्त आपले पगार नसतात. कंपन्यांनी भागधारकांना न वाटता स्वतःकडे ठेवलेला नफाही त्यात असतो. स्वतःच्या घरात राहणाऱ्याचं, कधीच हातात न पडलेलं भाडंही हिशोबात धरलेलं असतं. अर्थव्यवस्था किती मोठी झाली हे बघायला हा हिशोब योग्यच आहे. पण पाच जणांच्या घरात महिना तीस हजार येत असतील, तर वर्षाचे तीन लाख साठ हजार, म्हणजे माणशी बहात्तर हजार होतात. ही रक्कम १,७२,००० च्या शेजारी ठेवून 'आपण निम्म्यातही नाही' असं म्हणणं म्हणजे किलो आणि लिटर यांची तुलना करणं. शिवाय तो आकडा सरासरी आहे. सरासरी काय करते, ते आता एका छोट्या उदाहरणातून पाहू.

समजा एका कारखान्यात मालकासकट नऊ जण आहेत. आठ कामगारांचे महिन्याचे पगार असे: ११,०००, १२,०००, १२,५००, १३,०००, १४,०००, १५,०००, १६,००० आणि १८,०००. मालक महिन्याला १,२०,००० रुपये काढतो. सगळ्यांची बेरीज होते २,३१,५००. तिला नऊने भागलं की सरासरी येते सुमारे २५,७००. आता मला सांगा, या कारखान्यात पंचवीस-सव्वीस हजार कमावणारा माणूस कोण? कुणीच नाही. आठ जण त्याच्या खूप खाली आहेत आणि एक जण खूप वर.

आता याच नऊ जणांना कमाईप्रमाणे चढत्या रांगेत उभं करा आणि बरोबर मधल्याला, म्हणजे पाचव्याला, पुढे बोलवा. तो १४,००० रुपयेवाला. चार जण त्याच्यापेक्षा कमी मिळवतात, चार जण जास्त. शाळेच्या पुस्तकात याला 'मध्यक' म्हणतात. मुलांच्या गणितात 'मध्य' हा शब्द सरासरीसाठी आणि 'मध्यक' हा रांगेतल्या मधल्या संख्येसाठी वापरतात. एका अक्षराचा फरक आहे, त्यामुळे घाईत वाचणारा हमखास चुकतो. म्हणून बातमीत नुसता 'मध्यक' हा शब्द टाकू नये असं माझं मत आहे. तो कसा लिहावा, ते पुढे सांगतो.

पुढच्या वर्षी काय होतं बघा. मालकाचा धंदा वाढला, तो दीड लाख काढू लागला. कामगारांच्या पगारात एक रुपयाची वाढ नाही. बेरीज झाली २,६१,५००, सरासरी झाली सुमारे २९,०५०. म्हणजे कारखान्यातली 'सरासरी कमाई' १३ टक्क्यांनी वाढली, आणि आठ जणांच्या घरी गेल्या वर्षीचाच पगार आला. मधला माणूस अजूनही १४,००० वरच आहे. कुणी खोटं बोललेलं नाही. फक्त एका माणसाची गोष्ट नऊ जणांच्या नावावर चढली.

आता हे आपल्या खिशाशी कसं येऊन भिडतं? समजा त्या कारखान्यात बचतीची योजना ठरते. ठरवणारा म्हणतो, प्रत्येकाने कमाईच्या दहा टक्के टाकावेत. सरासरी २५,७००, तर दरमहा हप्ता २,५७० रुपये, सगळ्यांना सारखा. कागदावर रास्त दिसतं. पण १४,००० मिळवणाऱ्याच्या पगाराचा हा अठरा टक्क्यांहून मोठा तुकडा आहे, आणि ११,००० वाल्याचा तेवीस टक्क्यांहून. तीन महिने तो कसाबसा भरेल, चौथ्या महिन्यात पोरांच्या शाळेची फी आली की अडेल. हीच रक्कम पोस्टातल्या आवर्ती ठेवीत भरायची ठरवली असेल तर चुकलेल्या प्रत्येक हप्त्याला शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड बसतो. ओळीने चार हप्ते चुकले की खातं खंडित होतं, आणि ते पुन्हा चालू करायला दोन महिन्यांचीच मुदत असते. मधल्या माणसाच्या कमाईवरून हप्ता ठरवला असता तर तो १,४०० आला असता. मग सर्वांत कमी पगाराच्या माणसालाही तो तेरा टक्क्यांच्या आत बसला असता. एखादा विमा एजंट 'आजकाल सरासरी कुटुंब एवढं कमावतं, तुम्हाला एवढा हप्ता सहज झेपेल' असं म्हणाला, तर तो कुठल्या माणसाच्या खिशाकडे बघून बोलतोय हे आता तुम्हाला ओळखता येईल.

तुम्ही म्हणाल, हे मुद्दाम रचलेलं उदाहरण आहे, देशाच्या आकड्यात असं कुठे दिसतं? दिसतं. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभरातल्या अडीच लाखांहून जास्त घरांमध्ये जाऊन खर्चाची पाहणी केली. कमाईची नव्हे, घरखर्चाची. आपल्याकडे लोक कमाई सांगायला बिचकतात, खर्च त्या मानाने मोकळेपणी सांगतात. तिचा ठळक निकाल बातम्यांत असा आला: शहरात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ६,४५९ रुपये, खेड्यात ३,७७३ रुपये. सरकारकडून फुकट मिळालेल्या वस्तूंची किंमत यात धरलेली नाही.

बहुतेक बातम्या इथेच थांबल्या. पण त्याच पाहणीत आणखी एक तक्ता आहे. त्यात शहरातल्या लोकांना खर्चाप्रमाणे गरिबापासून श्रीमंतापर्यंत रांगेत लावून त्यांचे गट पाडलेत आणि प्रत्येक गटाचा सरासरी खर्च दिलाय. शंभर माणसांची रांग डोळ्यांसमोर आणा. अगदी खालच्या पाच जणांचा माणशी खर्च २,००१ रुपये, अगदी वरच्या पाच जणांचा २०,८२४. आता मधोमध या. एक्केचाळिसाव्यापासून पन्नासाव्यापर्यंतच्या दहा जणांचा खर्च सरासरीने ४,९६३, आणि त्यांच्या पुढच्या दहा जणांचा ५,६६२. बरोबर मधला माणूस या दोन गटांच्या सीमेवर उभा आहे. म्हणून त्याचा खर्च साधारण ५,३०० रुपये धरायला हरकत नाही. बातमीतला ६,४५९ चा आकडा त्याच्यापेक्षा हजार-अकराशेने वर आहे.

मग ६,४५९ वाला माणूस या रांगेत कुठे सापडतो? एकसष्ट ते सत्तर या गटाचा सरासरी खर्च ६,५२४ आहे, म्हणजे तो त्या गटात, साधारण पासष्टाव्या जागी. शहरातल्या शंभरातले सुमारे पासष्ट जण 'सरासरी'च्या खाली राहतात. खेड्यांचा तक्ता उघडलात तर तिथेही तेच. मधल्या दोन गटांचे आकडे ३,०९४ आणि ३,४५५ आहेत, म्हणजे मधला माणूस ३,२७० च्या आसपास, आणि ३,७७३ ची सरासरी पुन्हा एकसष्ट ते सत्तरच्या गटात. तेव्हा एखाद्या बाईंनी पेपर वाचून 'आमचा खर्च सरासरीपेक्षा कमी, म्हणजे आम्ही मागे पडलो' असं म्हटलं, तर त्यांना सांगा की त्या बहुसंख्येत आहेत.

ही पाहणी खर्चाची आहे, हे विसरू नका. कमाईत हे अंतर आणखी रुंद असणार. कारण उघड आहे. ज्याला पाच लाख मिळतात तो पाचही लाख खर्च करत नाही, बरेचसे साठवतो. ज्याला दहा हजार मिळतात त्याचे दहाच्या दहा संपतात. म्हणून खर्चाच्या रांगेपेक्षा कमाईच्या रांगेचं वरचं टोक जास्त लांब ताणलेलं असतं, आणि ते टोक सरासरीला आपल्याकडे ओढत राहतं. आणखी एक गंमत आहे. अशा पाहण्यांत फार श्रीमंत घरं सापडायला अवघड; दारावर पहारेकरी असतो, साहेब घरी नसतात. ती घरं निसटली की सरासरी खऱ्यापेक्षा खाली येते. मधल्या माणसाला मात्र त्याचा फारसा धक्का लागत नाही. रांगेच्या टोकावरचे एक-दोन जण गैरहजर राहिले तर मधला माणूस फार तर एका पावलाने सरकतो.

मग सरासरी छापतात तरी का? यात लबाडीपेक्षा सोयीचा भाग मोठा आहे. सरासरी काढायला दोनच आकडे लागतात: एकूण रक्कम आणि एकूण माणसं. मधला माणूस शोधायचा तर प्रत्येकाची नोंद हाताशी हवी. जनधन खात्यांचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने सांगितलं की ५३ कोटींहून जास्त खात्यांत मिळून सुमारे २ लाख ३१ हजार कोटी रुपये आहेत, म्हणजे खात्यामागे सरासरी ४,३५२ रुपये. भागाकार बरोबर आहे. पण मधल्या खात्यात किती पैसे आहेत हे या दोन आकड्यांवरून कुणालाही काढता येणार नाही. काही खात्यांत दरमहा पगार जमा होतो, काहींत फक्त अनुदान येतं आणि त्याच दिवशी निघून जातं. तेव्हा 'जनधन खातेदाराकडे सरासरी ४,३५२ रुपये शिल्लक' हे लिहिता येईल, पण 'सामान्य जनधन खातेदाराकडे' असं लिहिलं की वाक्य खोटं पडण्याची शक्यता फार. दरडोई उत्पन्नाचंही तसंच. ते देशाच्या एकूण हिशोबातून आलेलं आहे, त्यामागे माणसांची रांगच नाही, त्यामुळे त्याचा मध्यक काढताच येत नाही. तिथे 'दरडोई उत्पन्न' एवढंच लिहावं. 'सरासरी पगार' असं भाषांतर करू नये.

आता लिहिणाऱ्यांसाठी. माझा नियम साधा आहे. बातमी 'माणसाला किती मिळतं' अशी असेल तर मध्यक वापरावा. बातमी 'एकूण किती आहे आणि ते किती जणांत' अशी असेल तर सरासरी वापरावी. पतसंस्थेकडे जमा झालेल्या ठेवी, शाखेला लागणारी रोकड, सरकारला मिळू शकणारा कर, या सगळ्यात सरासरीच उपयोगी, कारण सरासरीला माणसांच्या संख्येने गुणलं की एकूण रक्कम परत मिळते. मध्यकाला गुणून काहीच मिळत नाही. आणि दोन्ही आकडे हाती असतील आणि त्यांच्यात मोठं अंतर असेल, तर ते अंतर हीच बातमी आहे. तेव्हा दोन्ही द्यावेत.

शब्द कसे लिहायचे? 'मध्यक उत्पन्न १४,०००' असं लिहिलं तर वाचक गोंधळेल. त्याऐवजी लिहा: 'निम्म्या कामगारांचा पगार १४,००० किंवा त्याहून कमी आहे.' हे वाक्य वाचायला शिकवणी लागत नाही. माणशी, घरामागे की कमावत्या माणसामागे, हे त्याच वाक्यात सांगा. एका वर्षीची सरासरी आणि दुसऱ्या वर्षीचा मध्यक यांची तुलना तर कधीच करू नका. हे वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा घडतं, कारण दोन पाहण्यांच्या अहवालांत ठळक अक्षरांत वेगवेगळी मापं दिलेली असतात.

मध्यकालाही डोळे झाकून मानू नका. आपल्या कारखान्यात ११,००० वाल्याचा पगार कापून ७,००० केला, तर मधला माणूस १४,००० वरच राहील. खालच्या माणसाचं दुखणं मध्यकाला दिसत नाही. त्याहून वाईट प्रकार ऐका. समजा सर्वांत कमी पगाराच्या दोघांना कामावरून काढलं. उरले सात. त्यांच्यातला मधला आता १५,००० वाला. म्हणजे मध्यक एक हजाराने वाढला, आणि वाढ कुणालाच मिळाली नाही, उलट दोघं घरी बसले. हे नुसतं कागदावरचं नाही. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत अमेरिकेत हेच झालं. एप्रिल ते जून या तिमाहीत पूर्णवेळ पगारदारांचा आठवड्याचा मध्यक पगार आधीच्या वर्षापेक्षा १० टक्क्यांनी वाढलेला दिसला, कारण हॉटेलांतले, दुकानांतले कमी पगाराचे लोक यादीतूनच गळले होते. म्हणून पगारवाढीची बातमी लिहिताना 'यादीत गेल्या वर्षी किती जण होते आणि यंदा किती' हे आधी विचारावं. ही संख्या घसरली असेल तर आकडा छापायच्या आधी थांबावं.

आता आपल्या संस्थेच्या अहवालापुरतं सांगतो. समजा २४० सभासद आहेत आणि प्रत्येकाची महिन्याची कमाई संगणकावरच्या तक्त्यात दुसऱ्या रकान्यात भरली आहे. खालच्या रिकाम्या चौकटींत ही दोन सूत्रं लिहा:

```
=AVERAGE(B2:B241)
=MEDIAN(B2:B241)
```

पहिलं सरासरी देईल, दुसरं मध्यक. २४० ही सम संख्या, त्यामुळे मधे एक नव्हे, दोन माणसं येतात, एकशे विसावा आणि एकशे एकविसावा. त्या दोघांच्या कमाईची सरासरी म्हणजे मध्यक. हे काम सूत्र स्वतःच करतं. संगणक नसेल तर यादी चढत्या क्रमाने हाताने लावली तरी चालते. वेळ लागतो, पण एका दुपारी होतं.

चूक होते ती भरताना. ज्याला काहीच कमाई नाही त्याच्यापुढे काही जण शून्य लिहितात, काही जण चौकट रिकामी ठेवतात. ही सूत्रं शून्य मोजतात आणि रिकामी चौकट सोडून देतात. दहा बेरोजगार सभासदांच्या चौकटी रिकाम्या राहिल्या तर हिशोब २३० जणांचाच होतो आणि दोन्ही आकडे फुगतात. कुणी '12000 अंदाजे' असं लिहिलं असेल तर तेही मजकूर समजून वगळलं जातं. म्हणून उत्तर पाहण्याआधी शेजारच्या चौकटीत `=COUNT(B2:B241)` लिहा. तिथे २४० दिसले नाहीत, तर राहिलेली नावं शोधून त्यांच्याकडे विचारणा करा. ज्यांनी कमाई सांगायला नकार दिला त्यांची चौकट रिकामी राहू द्या, शून्य भरू नका, आणि अहवालात 'माहिती देणाऱ्या इतक्या सभासदांपैकी' असं लिहा.